ऐकणाऱ्यांसाठी लिहिताना : हात धुण्याविषयीच्या एका भाषणसंहितेची चिकित्सा

बीजसंज्ञा : भाषणसंहिता, श्राव्यता, मौखिक परंपरा, आरोग्यशिक्षण, संमिश्र साक्षरतेचा श्रोतृवर्ग

प्रास्ताविक

आपल्याकडे संहितेची चिकित्सा म्हटली की ती प्रामुख्याने छापील साहित्यकृतीची असते. नाटकाची संहिता, क्वचित आकाशवाणीवरील श्रुतिका, येथपर्यंत समीक्षेची मजल जाते. मात्र गावोगावच्या सभांमधून, शिबिरांमधून आणि मेळाव्यांमधून जी आरोग्यविषयक भाषणे वाचून दाखविली जातात, त्यांच्या संहितांकडे 'लेखन' म्हणून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. अशी संहिता दोन-अडीच पानांत टंकलिखित होते, एकदा वाचली जाते आणि अहवालासोबत धारिकेत जाऊन बसते. त्यातील माहिती अचूक आहे की नाही, हे एखादा वैद्यकीय अधिकारी तपासून देतो. ती संहिता ऐकता येते की नाही, हे मात्र कोणीच तपासत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका संहितेची चिकित्सा करावयाची आहे. ही संहिता प्रस्तुत लेखकानेच लिहिलेली असल्यामुळे तिच्यावर टीका करताना कोणाचा अधिक्षेप होण्याचे भय नाही, ही त्यातल्या त्यात एक सोय. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात, पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील एका गावी, मंदिराच्या सभामंडपात सायंकाळी तिचे वाचन झाले. श्रोत्यांमध्ये पाटी कधीच न धरलेल्या वृद्ध स्त्रिया होत्या, सही करता येते पण वाचता येत नाही अशा मध्यमवयीन बाया होत्या, बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या सुना, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक आणि सभामंडपाच्या कठड्यावर बसलेली बारावी झालेली मुले होती. संहितेचा विषय होता 'हात धुण्याचे महत्त्व'. वाचनाला अठरा मिनिटे लागली. माहितीत चूक एकही नव्हती. आणि तरीही दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन "काल काय ऐकलं?" एवढेच विचारले, तेव्हा जे हाती आले ते पाहून ही संहिता पुन्हा उघडणे भाग पडले.

पहिले वाक्य

संहितेचा आरंभ असा होता : "मानवी हातांच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्मजीव वास्तव्य करतात व त्यांच्यामार्फत विविध संसर्गजन्य आजारांचा प्रसार होतो." व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. पण त्यात माणूस नाही. हात आहेत, ते कोणाचेच नाहीत. सूक्ष्मजीव 'वास्तव्य करतात', प्रसार आपोआप 'होतो'. सगळी क्रिया नामांमध्ये गोठलेली आहे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला असे वाक्य सोसते, कारण तो मागे जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. 'पृष्ठभागावर' या शब्दापाशी तो अडखळला, तर 'प्रसार' येईपर्यंत वाक्य त्याच्या हातून निसटलेले असते.

वॉल्टर ऑंग यांनी 'ओरॅलिटी अँड लिटरसी' (१९८२) या ग्रंथात मौखिक विचारपद्धतीची जी वैशिष्ट्ये नोंदविली आहेत, त्यांत दोन येथे महत्त्वाची आहेत. मौखिक विचार मानवी जीवनव्यवहाराला चिकटून असतो, आणि तो पुनरुक्तीला घाबरत नाही. आपण शिक्षक मंडळी नेमके याच्या उलट शिकलेले असतो. पुनरुक्ती हा आपल्याकडे लेखनदोष असतो आणि व्यवहारातील उदाहरण म्हणजे मुख्य विधानाला जोडलेले शेपूट. त्यामुळे 'सोपे करून सांगा' असे कोणी म्हटले की आपण कठीण शब्द काढून तेथे सोपा शब्द बसवितो आणि वाक्याचा सांगाडा तसाच ठेवतो.

संहितेच्या दुसऱ्या खर्ड्यात असेच झाले होते. 'सूक्ष्मजीव' काढून 'जंतू' घातले. हा बदल किती फसवा होता, हे दुसऱ्या दिवशी कळले. एका आजीने स्वयंसेविकेला सांगितले की हात धुतले म्हणजे पोटातले जंत पडतात. 'जंतू' आणि 'जंत' हे दोन शब्द ऐकताना फार जवळचे आहेत, आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून गोळ्या दिल्या जात असल्याने 'जंत' हा शब्द घरोघर परिचित आहे. तिने अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसविला. कोणताही चांगला श्रोता हेच करतो. गंमत अशी की तिचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण गोलकृमीची अंडी मातीतून व न धुतलेल्या हातांवाटे पोटात जातात. पण हात धुणे हा झालेल्या जंतांवरील उपाय नव्हे, आणि संहितेला जुलाबाविषयी बोलायचे होते.

न दिसणाऱ्याची साक्ष

हात धुण्याच्या कोणत्याही भाषणापुढे पहिला खरा प्रश्न विश्वासाचा असतो. हात स्वच्छ दिसत असताना ते स्वच्छ नाहीत, हे ऐकणाऱ्याने का मानावे? सुशिक्षित माणसाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले नसले तरी पुस्तकात चित्र पाहिलेले असते. त्याचा विश्वास छापील चित्रावर असतो. ज्याच्याजवळ ते चित्र नाही त्याला काय द्यावे?

आमच्या संहितेने येथे प्रात्यक्षिक योजले होते. दोन विद्यार्थ्यांच्या तळव्यांना तेलात कालवलेली हळद लावायची, एकाने नुसत्या पाण्याने आणि दुसऱ्याने साबणाने हात धुवायचे, व फरक दाखवायचा. आरोग्यशिबिरांतून हे प्रात्यक्षिक सर्रास केले जाते. मात्र ते करून पाहताच जे व्हायचे तेच झाले. साबण लागताच हळद लालभडक झाली. हळदीतील रंगद्रव्य अल्कलीच्या संपर्कात लाल होते आणि आपला वडीचा साबण अल्कधर्मी असतो. बायकांमध्ये खसखस पिकली, कारण लुगड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. पुढची अडचण त्याहून मोठी होती. तेल गेले, पण हळदीचा पिवळा रंग कातडीत बसलेला राहिला. म्हणजे साबणाने हात धुतलेल्या विद्यार्थ्याचा तळवाही पिवळाच! साबणाने निघत नाही, असाच निष्कर्ष डोळ्यांना मिळाला. आम्ही माईकवरून उलट सांगत होतो आणि समोर हात निराळेच सांगत होते. अशा वेळी श्रोता डोळ्यांवर विश्वास ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

नंतर आम्ही हळदीऐवजी तव्याच्या बुडाची काजळी गोडेतेलात कालवून पाहिली. ती नुसत्या पाण्याने हलत नाही, पाणी तिच्यावरून थेंबाथेंबाने ओघळते. साबणाने मात्र निघते, आणि जेथे चोळणे राहून गेले तेथेच उरते. बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांच्या कडांना उरलेली काळी रेघ सर्वांना दिसते. 'कोठे चोळायचे राहिले' हे सांगण्यासाठी मग एकही वाक्य लागत नाही.

पण काजळीही दिसणारी वस्तू आहे. न दिसणाऱ्याची साक्ष श्रोत्यांच्या अनुभवातच होती, ती संहितेला दिसली नव्हती इतकेच. हिरव्या मिरचीचा ठेचा केल्यावर हात पाण्याने धुतले, पुसले, हाताला काही दिसत नाही. आणि तास-अर्ध्या तासाने तोच हात डोळ्याला लागला तर काय होते? हा प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायला सबंध सभामंडप तयार असतो. मिरचीतील तिखट द्रव्य तेलकट असते, पाण्यात विरघळत नाही, साबणाने ते बरेचसे निघते. हाताला काही न दिसताही हाताला काही असते, पाण्याने ते जात नाही, आणि ते हातावर असेपर्यंत निरुपद्रवी वाटले तरी भलत्या ठिकाणी पोचल्यावर त्रास देते, या तिन्ही गोष्टी या एका अनुभवात आहेत. भाषणात सूक्ष्मजीव हा शब्द आला नाही तरी चालते.

प्राध्यापक वाचकांसाठी याची शास्त्रीय बाजूही नोंदवितो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्टन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात सार्वजनिक ठिकाणच्या मुठी-कठड्यांना हात लावलेल्या स्वयंसेवकांच्या हातांची तपासणी केली गेली. हात न धुतलेल्यांच्या ४४ टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणाऱ्या प्रकारचे जिवाणू आढळले, नुसत्या पाण्याने धुतल्यावर २३ टक्के आणि साध्या साबणाने धुतल्यावर ८ टक्के. म्हणजे पाणी निरर्थक नाही, पण साबणाचे काम ते करीत नाही. हे आकडे आमच्या संहितेत होते. टक्केवारी ही भागाकार शिकलेल्याची भाषा आहे, हे लिहिताना ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी या आकड्यांपैकी एकही कोणाच्या बोलण्यात आला नाही.

आद्याक्षरांची युक्ती

संहितेतील सर्वांत 'लोकाभिमुख' भाग म्हणून आम्ही ज्याच्याकडे पाहत होतो, तो म्हणजे 'सुमन के' हे सूत्र. २०२० मधील करोना साथीच्या काळात ते देशभर ऐकू आले. सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई या सहा हिंदी शब्दांची आद्याक्षरे जोडून ते बनले आहे, आणि हात चोळण्याच्या क्रमाची आठवण त्याने राहते असे मानले जाते. पण राहते ती कोणाला?

आद्याक्षरांचे सूत्र हे अक्षरांवर उभे असते. शब्दाचे पहिले अक्षर सुटे काढता येते, हीच मुळी लिहिता-वाचता येणाऱ्याची जाणीव आहे. ज्याने शब्द कधी लिहिलेला पाहिला नाही, त्याच्या दृष्टीने 'सुमन' ही शेजारची मुलगी असते. त्या नावातून 'मूठ' आणि 'अंगठा' बाहेर काढण्यासाठी त्याला आधी तेच शब्द पाठ असावे लागतात. म्हणजे स्मरणाला मदत म्हणून दिलेली वस्तू स्वतःच पाठ करण्याचे एक ओझे होते. निरक्षर माणसाची स्मरणशक्ती दुबळी असते असा याचा अर्थ नाही. जात्यावरच्या शेकडो ओव्या ज्यांच्या कंठात आहेत, त्यांच्याविषयी असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. ती स्मरणशक्ती लयीवर आणि हाताच्या हालचालीवर चालते, वर्णमालेवर नव्हे.

मराठीत हे सूत्र आणखी एका ठिकाणी मोडते. सरळ, उलट, मूठ, अंगठा, नखे येथपर्यंत ते कसेबसे जमते. सहाव्या पायरीला 'मनगट' येते आणि 'क' अधांतरी राहतो. संहितेत आम्ही "क म्हणजे कलाई, अर्थात मनगट" असे लिहून वेळ मारून नेली होती. वाचताना मागून कोणीतरी "कल्हई?" असे विचारले आणि लोक हसले. भांड्यांची कल्हई ज्यांनी पाहिली आहे त्यांना दुसरे काय ऐकू येणार! मूळ क्रमही सामान्य घरासाठी बनलेला नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. हात चोळण्याची ही पायऱ्यापायऱ्यांची पद्धत १९७८ मध्ये एलिफ व सहकाऱ्यांनी रुग्णालयीन हातस्वच्छतेच्या संदर्भात मांडली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातून ती सर्वत्र गेली. शस्त्रक्रियागृहाच्या शिस्तीतला क्रम गावच्या ओट्यावर जसाच्या तसा का हवा, हा प्रश्न आम्हांला पडला नव्हता.

हातांना आधीच ठाऊक असलेल्या हालचाली मराठी घरात कितीतरी आहेत. भाकरी थापून झाल्यावर तिच्या पाठीवर पाणी फिरवताना हात जसा फिरतो, तसा तो दुसऱ्या हाताच्या पाठीवर फिरवायचा. ताक घुसळताना रवी फिरते तसा अंगठा मुठीत धरून फिरवायचा. कणकेत बोटे रुतवतो तशी बोटांची टोके तळव्यात रुतवायची, म्हणजे नखे निघतात. हे सांगावे लागत नाही, करून दाखवले की पुरते. पुरुषांच्या बाबतीत भाकरी आणि रवी तितकी उपयोगी नाही. त्यांच्या सर्वाधिक परिचयाची तळव्यावरची हालचाल म्हणजे तंबाखू मळणे! ती उपमा अचूक असली तरी आरोग्याच्या भाषणात वापरता येत नाही, ही आमची कायमची पंचाईत आहे.

कालावधीचेही तसेच. संहितेत 'किमान वीस सेकंद' असे होते. सेकंद हा घड्याळ पाहणाऱ्याचा एकक आहे. पण वीस ही संख्या मात्र या श्रोत्यांची स्वतःची आहे. जुनी माणसे अद्याप विसांनी मोजतात. शेणी मोजताना, पेंढ्या मोजताना 'एक वीस, दोन विसा' असेच मोजले जाते. 'एक वीस होईपर्यंत चोळा' हे वाक्य त्यामुळे भाषांतर न होता पोचते.

तांब्या कोण धरणार?

आतापर्यंतचे दोष भाषेचे होते. पुढचा दोष दृष्टीचा आहे, आणि तो या संहितेतील सर्वांत गंभीर दोष होय. संहितेत कृतीचे वर्णन असे होते : "वाहत्या पाण्याखाली दोन्ही हात ओले करावेत. साबण लावून फेस येईपर्यंत दोन्ही हात एकमेकांवर चोळावेत. पुन्हा वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवावेत." हे वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतील एक वयस्क बाई म्हणाल्या, "सर, सगळं खरं. पण मग तांब्या धरायचा कुनी?"

सभेत पुन्हा हशा झाला आणि आम्हीही हसलो. निवासाच्या ठिकाणी परतल्यावर तो प्रश्न करून पाहिला, तेव्हा हसू मावळले. गावात नळाला पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. उरलेला सारा वेळ पाणी हंड्यात, पिंपात आणि तेथून तांब्यात. नळाखाली दोन्ही हात मोकळे असतात. तांब्याने पाणी घेताना एक हात तांब्याला गुंतलेला असतो. हात ओले करून तांब्या खाली ठेवता येतो, साबण लावून चोळताही येते. पण मग फेसाळलेल्या हाताने पुन्हा तांब्या उचलावा लागतो, एका हातावर पाणी घ्यावे लागते, हात बदलावा लागतो. शौचाहून आलेल्या हाताने तांब्याचा काठ आधी धरलेला असतो. धुतलेल्या हाताने पुन्हा तोच काठ धरायचा. शिवाय तांब्या हंड्यात बुडवला की हंड्यातील पाण्याचीही शाश्वती राहत नाही. दोन हात एकमेकांवर चोळणे आणि पाणी ओतणे या क्रिया एका माणसाला तांब्यानिशी नीट साधत नाहीत. बहुतेक लोक एकच हात ओला करून बोटे झटकतात, याचे कारण अज्ञान हे जसे असेल तसे तांब्या हेही आहे.

आमच्या संहितेत एक अदृश्य नळ होता. तो लेखकाच्या घरातला होता. संहितेतील प्रत्येक क्रियापद त्या नळाखाली उभे होते. निरक्षरता ही आम्ही श्रोत्यांची उणीव म्हणून गृहीत धरली होती, परंतु तांब्याने हात धुण्याच्या बाबतीत निरक्षर आम्हीच होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर परंपरेतच आहे. पाहुण्याच्या हातावर पाणी घालणे हा आपल्याकडचा जुना रिवाज. आल्या माणसाला पायांवर आणि हातांवर पाणी घालायला घरातील कोणी तरी उभे राहते. तेव्हा 'हात धुवा' या एकवचनी आज्ञेऐवजी 'हातावर पाणी घाला' ही दोघांची कृती संहितेत यायला हवी होती. आजी नातवाच्या हातावर पाणी घालील, नातू आजीच्या. असे दोघांनी मिळून, पाणी फक्त ओले करताना आणि शेवटी फेस घालवताना ओतले, तर आम्ही मोजून पाहिल्याप्रमाणे दोन हातांना साधारण अर्धा तांब्या पुरतो. टंचाईच्या गावात हे सांगणे जुलाबाविषयी सांगण्याइतकेच आवश्यक आहे, कारण पाण्याचा हिशेब बाईच्या डोक्यावरून येतो.

साबणाचेही असेच एक व्यवहारशास्त्र आहे. तो घरात असतो, पण अंगाचा म्हणून जपून ठेवलेला असतो. बाहेर ठेवला तर पोरे पाण्यात विरघळवतात आणि कावळा उचलून नेतो. कावळा साबण नेतो हे विधान आरोग्यशिक्षणाच्या एकाही संहितेत आम्हांला आढळले नाही, सभेत मात्र ते तिघींनी सांगितले. बांगलादेशात अभ्यासली गेलेली साबणपाण्याची पद्धत येथे उपयोगी पडते : कपडे धुण्याची साधी पूड ३० ग्रॅम आणि पाणी दीड लिटर, असे बाटलीत घालून झाकणाला छिद्र पाडून ठेवायचे. कावळ्याला त्यात रस नसतो आणि थेंबाने काम भागते. जाहिरातींतून येणाऱ्या 'जंतुनाशक' साबणाची गरज नाही, हेही येथेच सांगता येते. कराचीच्या वसाहतींत ल्युबी व सहकाऱ्यांनी केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या साबणाने मुलांचे जुलाब जितके घटले, त्याहून अधिक जंतुनाशक साबणाने घटल्याचे आढळले नाही. आमच्या संहितेत मात्र 'दर्जेदार जंतुनाशक साबण' असे शब्द पडले होते. ते कोठून आले हे आता आठवत नाही, बहुधा दूरचित्रवाणीवरून.

किळस कोणाची?

केवळ आजाराची भीती घालून हात धुण्याची सवय लागत नाही, हे आता बऱ्यापैकी प्रस्थापित झाले आहे. आंध्र प्रदेशातील चौदा गावांत झालेल्या आणि २०१४ मध्ये बिरान व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या 'सुपरअम्मा' अभ्यासात आजाराविषयी बोलण्याऐवजी किळस, मातृत्वाची काळजी आणि चारचौघांतील रीत यांवर भर दिला गेला. घाणेरड्या हातांनी लाडू वळणारे एक विनोदी पात्र त्यात होते, आणि मुलाला चांगल्या सवयी लावणारी आई होती. सहा महिन्यांनंतर आवश्यक प्रसंगी साबणाने हात धुण्याचे प्रमाण तेथे ३७ टक्के आढळले, तर जेथे मोहीम झाली नव्हती तेथे ६ टक्के. हे यश मोठे आहे, आणि त्याची मर्यादाही त्याच आकड्यात आहे.

आमच्या संहितेनेही किळसेचा आधार घेतला होता. तेथे एक वाक्य होते : "अस्वच्छ हात म्हणजे विटाळलेले हात." लिहिताना ते सुबोध आणि ठसठशीत वाटले. वाचताना समोर कोण बसले आहे याकडे पाहिले आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडताना जड झाले. 'विटाळ' हा शब्द ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चिकटवला गेला, त्या वस्तीतील माणसे सभामंडपाच्या कडेला बसली होती. समोर बसलेल्या प्रत्येक बाईने महिन्याचे काही दिवस हा शब्द सोसलेला होता. स्वच्छतेची शुद्धीशी आणि घाणीची विटाळाशी गल्लत करण्याची सोय आपल्या भाषेत फार सहज उपलब्ध आहे, आणि सुबोधतेच्या नावाखाली ती पटकन वापरली जाते. आंध्रातील प्रयोगात किळस एका कृतीची होती, त्या पात्राच्या हाताची होती. आपल्याकडे बेसावधपणे लिहिले तर ती माणसांची होते. या वाक्याविषयी दुसऱ्या दिवशी कोणी काही बोलले नाही. या संहितेतील हे एकच वाक्य आहे, जे कळले असेल याची खात्री वाटते.

किळस न वाटण्याचेही एक स्थान आहे, ते मात्र संहितेतून सुटले होते. तान्ह्या बाळाची शी घाण मानली जात नाही; 'दूधपित्या लेकराचं काय' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात लहान मुलांना जुलाब अधिक होत असल्याने त्या विष्ठेतून संसर्ग पसरण्याची शक्यता कमी नसून अधिक असते. आम्ही हात धुण्याचे अकरा प्रसंग सांगितले होते, त्यांत जनावरांना हात लावल्यानंतर आणि शिंकल्यानंतर हेही होते. अकरा ऐकणाऱ्याच्या हाती एकही राहत नाही. शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर आणि खाण्या-भरवण्याआधी, एवढे तीनच सांगून त्यांतील मधल्यावर थांबायला हवे होते.

दुसरी संहिता

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांच्या नावाने महाराष्ट्रात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, परंतु त्यांची कीर्तनाची पद्धत मात्र अभियानाच्या भाषणांत उतरली नाही. स्वतः अक्षरओळख नसलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्या कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडून वदवून घेत. ज्ञान सांगणाऱ्याकडे आहे आणि ऐकणारा रिकामा आहे, ही भाषणाची मांडणीच त्यात उलटते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या वाडीवर जी दुसरी संहिता नेली, ती अर्ध्या पानाची आहे. तिच्यात विधाने जवळजवळ नाहीत, प्रश्न आहेत. आणि प्रत्येक प्रश्नापुढे सामानाची नोंद आहे : तांब्या एक, तव्याची काजळी, गोडेतेल, साबणपाण्याची बाटली. आरंभ ठेच्यापासून. मग काजळीचे हात घेऊन सासू आणि सून पुढे येतात, एक चोळते आणि दुसरी पाणी घालते, सभा एक वीस मोजते. शेवटी वक्ता काही सांगत नाही. उशिरा आलेल्या कोणाला तरी उठवून, आतापर्यंत काय झाले ते इतरांनी त्याला सांगायचे. जे त्या सांगण्यात येत नाही ते पोचलेले नसते, आणि तेवढेच पुन्हा करून दाखवायचे. साक्षर मुलांना हे पोरकट वाटेल अशी धास्ती होती. त्यांच्याकडे मोजण्याचे आणि काजळी कोठे उरली ते शोधण्याचे काम दिल्यावर ती कठड्यावरून खाली आली.

या संहितेतही एक जागा कच्ची होती. 'दुसऱ्याने पाणी घालावे' येथे आल्यावर एक म्हातारी म्हणाली, "मी एकटीच ऱ्हाते, बाबा. माझ्या हातावर कोन घालील?" आमच्याजवळ उत्तर तयार नव्हते. दोरीने टांगून पायाने ओढायच्या डब्याचे आम्ही सांगू लागलो, ते तिने ऐकून घेतले. मग ती उठली, तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला, दोन्ही हात खाली धरले आणि कोपराने तो हळूच कलंडवला. पाणी थोडे जास्त सांडले, पण दोन्ही हात मोकळे होते. संहितेच्या कागदावर त्या ठिकाणी आता 'ओटा, कोपर' असे दोन शब्द लिहिलेले आहेत.